फ्लू उतरला, मग ताप पुन्हा का चढला?

सोमवारी डॉक्टर सांगतात, "हा फ्लू आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आराम करा, पाणी प्या." पुढच्या सोमवारी तेच डॉक्टर त्याच पेशंटला अँटिबायोटिक लिहून देतात, कधी थेट अ‍ॅडमिट करतात. घरातली माणसं वैतागतात. द्यायचंच होतं तर आठ दिवस फुकट का घालवले? आधीच दिलं असतं तर न्यूमोनिया झालाच नसता!

राग समजण्यासारखा आहे, पण त्यामागचा हिशेब चुकीचा आहे. पहिल्या सोमवारचा आजार आणि दुसऱ्या सोमवारचा आजार हे दोन वेगळे आजार असतात. पहिल्याने दुसऱ्याला वाट करून दिलेली असते, एवढाच त्यांचा संबंध. ही वाट कशी तयार होते हे कळलं, की औषध कधी द्यायचं हा प्रश्नही बराच सोपा होतो.

आधी एक फरक लक्षात घेऊ. फ्लू होतो विषाणूमुळे, म्हणजे इन्फ्लुएन्झा व्हायरसमुळे. हा विषाणू आपल्या पेशींत शिरून त्यांच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढतो. जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, ही स्वतंत्र जिवंत पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, स्वतःची प्रथिनं बनवण्याची सोय असते. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं या भिंतीचं बांधकाम बंद पाडतात. विषाणूला मुळात भिंतच नाही, त्यामुळे त्याच्यावर हे औषध कितीही जोरदार दिलं तरी त्याला धक्का लागत नाही.

## विषाणू नेमकं काय मोडतो?

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत एका लयीत हलतात आणि वरचा कफाचा पातळ थर घशाकडे ढकलत राहतात. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ आणि जंतू त्या थरात चिकटतात, घशात येतात आणि आपण नकळत गिळून टाकतो. पोटातल्या आम्लात त्यांचा निकाल लागतो. दिवसरात्र चालणारी ही साफसफाई आपल्याला कधी जाणवतही नाही.

फ्लूचा विषाणू वाढतो तो नेमका याच तंतू असलेल्या पेशींत. पेशी मरतात, थरच्या थर गळून पडतात आणि खालचा पृष्ठभाग उघडा पडतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण हे अस्तर पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. फ्लूनंतरचा खोकला लवकर पाठ सोडत नाही त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरी गोष्ट आणखी रंजक आहे. आपल्या पेशींवर सायलिक आम्ल नावाच्या एका साखरेचं आवरण असतं. नव्याने तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटे व्हावेत म्हणून फ्लूचा विषाणू ही साखर कापतो. त्यामुळे जिवाणूंना चिकटायला जागा मोकळी होते, आणि कापून पडलेली साखर न्यूमोकॉकस या जिवाणूला खाद्य म्हणून चालते. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर हे चांगलं दिसून आलं आहे.

तिसरा घाव संरक्षणावर बसतो. फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी कायम हजर असतात. विषाणूशी लढताना शरीर जे रासायनिक इशारे सोडतं, त्यांतलेच काही या पेशींना काही काळ मंद करतात. म्हणजे विषाणूविरुद्धची लढाई नीट चाललेली असतानाच जिवाणूंविरुद्धची फळी ढिली पडते. उंदरांमध्ये ही ढिलाई फ्लूच्या लागणीनंतर साधारण आठवड्याने सगळ्यांत जास्त असते. माणसांतही न्यूमोनियाचा दुसरा तडाखा बहुधा त्याच सुमारास येतो, हा योगायोग नाही.

थोडक्यात, एकाने कुंपण मोडायचं आणि दुसऱ्याच्या गुरांनी शेतात शिरायचं, असा हा प्रकार आहे. गुरं मात्र लांबून आलेली नसतात, कुंपणाला टेकूनच उभी असतात.

## हे जिवाणू येतात कुठून?

बहुतेक वेळा आपल्याच नाका-घशातून. न्यूमोकॉकस लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात सर्रास आढळतो आणि तिथे मुकाट्याने राहतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ज्याला डॉक्टर नुसतं 'स्टॅफ' म्हणतात, साधारण तिघांत एका मोठ्या माणसाच्या नाकात असतो. तो तिथे असणं हा आजार नव्हे. पण झोपेत घशातला थेंबभर स्राव श्वासनलिकेत उतरणं हे निरोगी माणसातही घडतं. एरवी तो वर ढकलला जातो, फ्लूनंतर खालीच राहतो.

१९१८च्या महासाथीत माणसं फ्लूने मेली असं आपण म्हणतो. २००८ साली डेव्हिड मॉरेन्स, जेफ्री टाउबेनबर्गर आणि अँथनी फाउची यांनी त्या साथीतल्या ५८ मृतांचे जपून ठेवलेले फुफ्फुसांचे नमुने आणि त्या काळातले शवविच्छेदनाचे अहवाल पुन्हा तपासले. निष्कर्ष असा, की बहुसंख्य मृत्यू फ्लूमागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असावेत, आणि जिवाणूही नाका-घशात नेहमी सापडणारेच होते. त्या काळी जिवाणू इतक्या वेळा सापडत, की रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये ज्या जिवाणूला फ्लूचं कारण ठरवलं होतं, त्याचं नाव आजही हिमोफिलस इन्फ्लुएन्झा असंच आहे. माणसातला खरा फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये.

"ते अँटिबायोटिकच्या आधीचं, आता काय!" असं वाटू शकतं. २००९च्या साथीत अमेरिकेत मृत्यू पावलेल्या ७७ जणांचे नमुने तपासले गेले, तेव्हा २२ जणांत जिवाणूंचीही लागण सापडली. प्रमाण खाली आलं, पण वाट बंद झालेली नाही.

## "मग पहिल्या दिवसापासूनच अँटिबायोटिक का नको?"

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि वरवर तो बिनतोड वाटतो. पण फ्लू झालेल्या बहुसंख्य लोकांना न्यूमोनिया होतच नाही. त्यांच्यासाठी अँटिबायोटिक म्हणजे जुलाब, पुरळ, क्वचित मोठ्या आतड्याचा गंभीर दाह, आणि त्या बदल्यात फायदा काही नाही.

ज्यांना न्यूमोनिया होणार असतो, त्यांचंही यात नुकसान होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी घेतलेलं अँटिबायोटिक घशातल्या नरम जिवाणूंना मारतं आणि त्या औषधाला न जुमानणाऱ्यांना मागे ठेवतं. आठवड्याने फुफ्फुसात जे उतरतात ते हे मागे राहिलेले. शिवाय मधल्या काळात औषध पोटात गेलेलं असल्यामुळे कफात किंवा रक्तात जंतू वाढवून बघण्याची तपासणीही अनेकदा कोरी येते, आणि डॉक्टरांना अंदाजाने जावं लागतं. घरात पडून राहिलेली अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप फ्लूच्या दुसऱ्या दिवशी घेणं हा मला यातला सगळ्यांत नडणारा प्रकार वाटतो. न्यूमोकॉकसच्या बऱ्याच जातींना हे औषध आता लागू पडत नाही, आणि घरच्यांचा मात्र समज असतो की 'अँटिबायोटिक तर चालू आहे'.

लवकर देण्यासारखं औषध आहे, पण ते विषाणूवरचं. ऑसेल्टामिविर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुलं, मधुमेह किंवा दमा असलेले, आणि तब्येत ढासळून अ‍ॅडमिट झालेले यांच्यासाठी त्याचा विचार व्हायला हवा. अ‍ॅडमिट झालेल्यांना ते ४८ तास उलटल्यावरही देतात.

## सातव्या दिवशीचा ताप

एक कल्पित पेशंट घेऊ. वय ५८, मधुमेह आहे, सिगारेट दहा वर्षांपूर्वी सोडली. पहिल्या दिवशी अचानक १०३ ताप, अंग ठेचल्यासारखं, कोरडा खोकला. तपासणीत फ्लू निघाला. तिसऱ्या दिवसापर्यंत ताप तसाच, चौथ्या दिवशी उतरायला लागला. पाचव्या दिवशी ताप नाही, भूक परतली. सहाव्या दिवशी गृहस्थ थोडं फिरून आले.

सातव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. दात वाजतील अशी, दोन पांघरुणं घेऊनही थांबेना. रात्री ताप १०२.८. सकाळी खोकल्याबरोबर गंजाच्या रंगाचा घट्ट कफ पडला आणि उजव्या कुशीत खोल श्वास घेतला की सुरीसारखी कळ यायला लागली.

इथे सगळा भर त्या मधल्या बऱ्या झालेल्या दोन दिवसांवर आहे. फ्लूचा ताप उतरला की सहसा उतरलेलाच राहतो, खोकला आणि थकवा मागे रेंगाळतो. बरं वाटून पुन्हा ताप चढणं, आणि त्यासोबत धाप, छातीत कळ किंवा बदललेला कफ, हा जिवाणूंच्या न्यूमोनियाचा सगळ्यांत ओळखीचा नमुना. बरं न वाटताच तिसऱ्या-चौथ्या दिवशी दम लागायला लागला, तर विषाणूनेच फुफ्फुसं धरलेली असू शकतात, किंवा दोन्ही एकदम. पण घरी बसून हे ओळखता येत नाही आणि ओळखत बसूही नये. दम लागला की दवाखाना.

डॉक्टरांनी या गृहस्थांना तपासलं. श्वास मिनिटाला २६, एरवी तो १२ ते २० असतो. ऑक्सिजन ९१ टक्के. रक्तदाब ठीक, बोलणं सुसंगत. पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर उजवीकडे खाली बारीक चरचर ऐकू आली. एक्स-रेत त्याच जागी पांढरा ढगाळ भाग दिसला. हवेच्या जागी पू आणि पाणी भरलं की तो भाग असा पांढरा दिसतो. रक्तात पांढऱ्या पेशी १७,८००, आणि शरीरातली जळजळ मोजणारी सीआरपी ही चाचणी २१०. ती एरवी दहाच्या खाली असते. साध्या फ्लूतही ती वाढते, त्यामुळे एकट्या सीआरपीवर निकाल लावत नाहीत, पण छातीचा आजार असताना ती शंभरच्या वर गेली की पारडं अँटिबायोटिककडे झुकतं. इथे तर एक्स-रेनेच बाजू स्पष्ट केली होती.

न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला दवाखान्यात एक सोपी मोजणी वापरतात: गोंधळलेपण, श्वास ३० किंवा त्याहून जास्त, खालावलेला रक्तदाब आणि ६५ किंवा त्यापुढचं वय, प्रत्येकाला एक गुण. आपल्या पेशंटला मिळतात शून्य. कागदावर तो घरी जाण्याजोगा आहे. पण ही मोजणी ऑक्सिजन बघत नाही, आणि ९१ टक्के हा आकडा एकटाच अ‍ॅडमिट करायला पुरेसा आहे. मोजणी डॉक्टरांच्या मदतीला असते, त्यांच्या जागी नव्हे.

रक्ताचा आणि कफाचा नमुना जंतूंच्या तपासणीसाठी घेतला, आणि निकालाची वाट न बघता लगेच अँटिबायोटिक सुरू झालं.

## "फ्लूची टेस्ट अजून पॉझिटिव्ह आहे, तरी अँटिबायोटिक?"

हो. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहे; जिवाणू नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही. दोघं एकाच फुफ्फुसात सुखेनैव नांदतात. म्हणूनच अमेरिकेतल्या छातीविकार आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनेत म्हटलं आहे, की न्यूमोनिया दिसत असेल आणि फ्लूही पॉझिटिव्ह असेल, तर सुरुवातीला अँटिबायोटिक द्या आणि ऑसेल्टामिविरही द्या. ४८ ते ७२ तासांत जिवाणूंचा काहीच पुरावा मिळाला नाही आणि पेशंट स्थिरावला, तर अँटिबायोटिक लवकर थांबवायचा विचार करा. सुरू करण्याइतकंच थांबवणंही या निर्णयात येतं, आणि ते मात्र बऱ्याचदा राहून जातं.

उलट गैरसमज कफाच्या रंगाचा. पिवळा किंवा हिरवा कफ दिसला की लोक अँटिबायोटिक मागतात. तो हिरवा रंग जिवाणूंचा नसतो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींत हिरवट रंगाचं एक द्रव्य असतं, ते कफात उतरतं, आणि या पेशी विषाणूच्या आजारातही येतात. ताप नाही, दम नाही, छाती स्वच्छ, फक्त कफ हिरवा, एवढ्यावर अँटिबायोटिक लागत नाही. गंजासारखा किंवा रक्ताळलेला कफ मात्र लगेच दाखवायचा.

## कोणतं औषध, किती दिवस?

साध्या न्यूमोनियात अनेक ठिकाणी अमॉक्सिसिलिनने सुरुवात करतात. फ्लूनंतर मात्र स्टॅफचीही शक्यता वाढते, आणि बहुतेक स्टॅफ अमॉक्सिसिलिनला तोडून टाकणारं द्रव्य तयार करतो. म्हणून इथे त्या तोडफोडीला अटकाव करणारं क्लॅव्युलॅनिक आम्ल मिसळलेलं अमॉक्सिसिलिन किंवा पर्याय म्हणून डॉक्सिसायक्लिन निवडतात. अ‍ॅडमिट पेशंटला इंजेक्शनमधून सुरुवात होते आणि बहुधा दुसरं एखादं औषध जोडलं जातं.

आपल्या गृहस्थांच्या कफात तिसऱ्या दिवशी न्यूमोकॉकस वाढला, पेनिसिलिनला नरम निघाला. तोपर्यंत ताप उतरला होता आणि ऑक्सिजन ९५ झाला होता. इंजेक्शनं थांबवून साध्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्या आणि एकूण सात दिवसांत कोर्स संपला. ताप जाऊन स्थिरावलेल्या पेशंटला पाच दिवसही पुरतात, स्टॅफ असेल तर जास्त लागतात. मोठं औषध बंद करून साधं दिलं म्हणजे कंजूषी केली असं नव्हे. जंतू ओळखला गेला की नेमकं औषध देणं हेच चांगलं काम.

## सात दिवस वाट न बघणारा जंतू

वरचा नमुना सगळ्यांना लागू पडत नाही. स्टॅफ कधीकधी फ्लूच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उतरतो, तोही धडधाकट तरुणात. सकाळी साधा फ्लू वाटणारा माणूस रात्री रक्ताळलेला कफ टाकत, धापा टाकत, रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत येतो. एक्स-रेत फुफ्फुसाला पोकळ्या पडलेल्या दिसू शकतात, आणि पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी एकदम कमी झालेल्या असतात. इथे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ गृहीत धरून व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड सुरू करतात आणि ते तासांच्या हिशेबात सुरू व्हावं लागतं.

वृद्धांचा न्यूमोनिया याच्या अगदी उलट, गुपचूप येतो. ताप नसतो, खोकलाही बेताचा. आजोबा जेवत नाहीत, दिवसा झोपून राहतात, नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारतात, चालताना पडतात. फ्लूनंतरच्या आठवड्यात असं दिसलं तर ते 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. आधी श्वास मोजा आणि ऑक्सिजन बघा.

लहान मुलांत आईबापांना घरी करता येण्याजोगी सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजेही श्वास मोजणं. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, पोट वर-खाली होताना बघून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल पीतच नसेल, तर आकडा कितीही असो, लगेच निघायचं. मोठ्यांमध्ये बसल्या जागी दम लागणं, एक वाक्य एका दमात पुरं न करता येणं, ऑक्सिजन ९४च्या खाली जाणं किंवा नवा गोंधळलेपणा दिसणं, यांतलं काहीही एक पुरे.

## औषध चालू आहे, पण उतार नाही

योग्य औषध लागू पडलं की ४८ ते ७२ तासांत ताप आणि श्वास सुधारायला लागतात. तीन दिवस झाले तरी ताप तसाच असेल, तर घरच्या घरी गोळी बदलू नका आणि 'आणखी दोन दिवस बघू' म्हणूनही थांबू नका. जंतू त्या औषधाला दाद देत नसेल, फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पू साठला असेल, फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेली असेल किंवा हा मुळात क्षयरोग असेल. पू साठलेला असेल तर सगळ्यांत चांगलं अँटिबायोटिकही एकटं पुरत नाही, नळी घालून तो काढावा लागतो.

ताप गेल्यावर खोकला आणि थकवा काही आठवडे राहतो. त्यासाठी दुसरा कोर्स लागत नाही. एक्स-रेवरचा पांढरा भागही पेशंटपेक्षा हळू बरा होतो, त्यामुळे आठ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढून 'अजून डाग आहे' म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. आपल्या ५८ वर्षांच्या गृहस्थांना मात्र सहा आठवड्यांनी एक एक्स-रे सांगितला आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, पूर्वी सिगारेट ओढणाऱ्या माणसात तो डाग तेव्हाही गेला नाही, तर त्यामागे गाठ तर नाही ना, हे बघावं लागतं.